जर्मनीतल्या बाईंना आजारपणाची चिठ्ठी

अगं, सामानात लोणचं किती आणि मेतकूट किती न्यायचं ते तुझी आई सांगेलच. मी सांगते ते शाळेबद्दल. तुझा लेक ड्युसेलडॉर्फला तिसरीत बसणार, आणि नोव्हेंबर उजाडला की एका सकाळी तो अंथरुणातून उठणार नाही. कपाळ तापलेलं, नाक वाहतंय, बाहेर अजून मिट्ट काळोख. त्या वेळी आधी काय करायचं ते आत्ताच ऐकून ठेव. तेव्हा तुला सुचणार नाही.

मी जन्मभर मुलुंडच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवलं. आपल्याकडे रजेची चिठ्ठी कशी येते ते मला पाठ आहे. मूल दोन दिवसांनी उगवतं, डायरीच्या मागच्या पानावर आईच्या अक्षरात 'तब्येत बरी नसल्यामुळे येऊ शकला नाही, क्षमा असावी' असं असतं, आपण सही करतो आणि फळ्याकडे वळतो. कधी चिठ्ठी येतच नाही, मूल तोंडी सांगतं, तेही चालतं. माझ्या लेकीकडे तिकडे राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिकडच्या बाईंना चिठ्ठी नंतर चालते, निरोप मात्र आधी लागतो. शाळेची घंटा व्हायच्या आत.

त्याचं कारण समजलं की रागही येत नाही. तिथे सहा-सात वर्षांची मुलं पाठीवर दप्तर घेऊन एकटी किंवा दोघं-तिघं मिळून चालत शाळेत जातात. ना रिक्षावाले काका, ना स्कूलबसच्या ताई. मूल घरातून निघालं की वर्गात पोचेपर्यंत ते कुणाच्याच नजरेखाली नसतं. म्हणून पहिल्या तासाला एक बाक रिकामा दिसला आणि घरून निरोप नसला, तर बाईंच्या डोक्यात 'आजारी असेल' येत नाही, 'वाटेत काही झालं का' असं येतं. ऑफिसातून तुला फोन येतो, तू उचलला नाहीस तर नवऱ्याला, तोही मीटिंगमध्ये असला तर तू लिहून दिलेल्या तिसऱ्या नंबराला. कुणीच सापडलं नाही तर गोष्ट पोलिसांपर्यंत जाऊ शकते. त्या फोनमध्ये तुझ्या लेकाच्या तापाची चौकशी नसते, तो सुखरूप कुठे आहे एवढंच हवं असतं.

तेव्हा आजारी मुलाच्या सकाळी निरोप दोन टप्प्यांत जातो. पहिला घंटेआधी: तो आज येत नाही. दुसरा नंतर, लेखी आणि सहीनिशी: तो अमुक दिवस आला नाही, कारण आजारपण. पहिला सुरक्षिततेसाठी आणि दुसरा हजेरीपटासाठी. बऱ्याच आया पहिला देतात आणि सुटलो समजून दुसरा विसरतात. मग अर्धवार्षिक प्रगतिपुस्तकावर गैरहजेरीच्या रकान्यात 'विनाकारण' म्हणून दिवस चढतात, आणि चौथीतलं असं पुस्तक पुढच्या शाळेत प्रवेश घेताना दाखवावं लागतं.

पहिला निरोप कशावरून द्यायचा हे प्रत्येक शाळेचं वेगळं. शाळा सुरू होताना पालकांची सभा होते, तिथे सांगतात. कुठे ऑफिसला फोन, कुठे ईमेल, कुठे मोबाइलवरचं ॲप. Sdui, IServ, WebUntis, Schulmanager Online अशी नावं ऐकशील. शाळेने सांगितलं असेल तेच वापर. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज आमचा येत नाही गं' असं टाकलंस तर बाकीच्या आयांना कळेल, शाळेला नाही. त्या ग्रुपमध्ये बाई बहुधा नसतातच.

फोन करायचा तर साडेसातच्या आसपास कर. पुष्कळदा यंत्रच उचलतं, घाबरू नकोस, उलट बरं, समोरून प्रश्न येत नाहीत. हळू आणि स्पष्ट बोल: 'गूटन मॉर्गन, माइन झोन', मग नाव आणि आडनाव, 'क्लासं द्राय बे, इस्ट हॉइटं क्रांक'. आडनाव दोनदा सांग आणि वर्ग आठवणीने सांग, कारण आपलं आडनाव त्यांच्या कानाला लागत नाही, वर्गावरून लगेच सापडतं. ईमेल असेल तर एवढंच लिही, नाव फक्त तुझ्या मुलाचं घाल:

```
Sehr geehrte Frau Weber,

mein Sohn Arnav Joshi (Klasse 3b) ist krank und
kann heute, am 12.11.2025, nicht zur Schule kommen.
Sobald er wieder gesund ist, melde ich mich.

Mit freundlichen Grüßen
Madhura Joshi
```

बघ, किती कोरडं आहे. आपल्या मनाला टोचतं. आपण लिहिणार, रात्रभर ताप उतरला नाही, दोनदा उलटी झाली, काढा दिला, आजी फोनवर रडत होती, आपल्याला तसदी दिल्याबद्दल क्षमस्व. यातलं काहीही लिहायचं नाही. बाईंना उद्धट वाटत नाही, सोयीचं वाटतं. बाईंना 'टीचर' किंवा 'मॅम' म्हणू नकोस, 'फ्राऊ' आणि पुढे आडनाव. नमस्काराच्या ओळीनंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने सुरू होतं. तुझा फोन ते अक्षर हट्टाने मोठं करील, तू ते परत लहान कर. आणि 'तो उद्या नक्की येईल' असं वचन देऊ नकोस. आला नाही तर पुन्हा कळवावं लागतं, म्हणून शेवटची ओळ तशी मोघम ठेवली आहे.

आजार कोणता ते लिहायचं का? 'आजारी' एवढं पुरतं. ताप की पोटदुखी ते सांगायचं बंधन नाही, आणि कुणी विचारतही नाही. आकडा लिहिलासच तर आपला लिहू नकोस. आपल्याकडे 102 ताप म्हणजे मूल निपचित पडलंय हे शेजारणीलाही कळतं. तिथे सगळं सेल्सियसमध्ये, 102 म्हणजे त्यांचे जवळपास 39.

पण काही आजार असे आहेत की सांगावेच लागतात. तिथे संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे. त्याच्या 34व्या कलमात यादी दिली आहे: गोवर, गालगुंड, कांजिण्या, डांग्या खोकला, स्कार्लेट फीव्हर, टायफॉइड, खरूज आणि आणखी काही. यातलं काही निघालं तर शाळेला नाव सांगायचं, आणि डॉक्टरांनी संसर्ग टळला म्हटल्याशिवाय मुलाला पाठवायचं नाही. त्या यादीत डोक्यातल्या उवाही आहेत! हे वाचून मी लेकीकडे खूप हसले होते. आपल्याकडे उवा म्हणजे लपवायची गोष्ट, आया रात्री दार लावून फणी फिरवतात. तिथे आई सरळ ऑफिसला फोन करते, औषध लावते, आणि शाळा नाव न घालता सगळ्या वर्गाच्या घरी पत्रक पाठवते. मला तो रिवाज आवडला. आमच्या वर्गात एकीच्या डोक्यातून निघालेल्या उवा चातुर्मास संपेपर्यंत वर्गभर फिरायच्या, कारण कुणीच बोलायचं नाही.

उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटीनंतर पूर्ण दोन दिवस घरी ठेव. मूल दुसऱ्या दिवशी टुणटुणीत होतं, खायला मागतं आणि आपल्याला वाटतं पाठवावं. तिथल्या शाळा या 48 तासांबाबत फार कडक असतात, कारण ती पोटाची साथ पोराकडून पोराकडे भराभर जाते. शुक्रवारी उलटी झाली तर शनिवार-रविवारात काम भागतं, बुधवारी झाली तर गुरुवार-शुक्रवार गेलेच म्हणून समज. तापातही चोवीस तास ताप नसला, तोही औषध न देता, तरच पाठवायचं. सकाळी क्रोसिन देऊन धाडायची आपली युक्ती तिथे अकराच्या सुमाराला उघडी पडते आणि 'येऊन घेऊन जा' असा फोन येतो.

आता दुसरा निरोप. मूल शाळेत परत जाईल त्या दिवशी त्याच्या दप्तरात हे जायला हवं. प्राथमिक शाळेतल्या मुलाकडे शाळा आणि घर यांच्यातल्या कागदांसाठी एक फाइल असते, पोस्टमाप्पे म्हणतात. त्यात हा कागद ठेव. ॲपवर आजारपण नोंदवलं की वेगळी चिठ्ठी नको असं तुमच्या शाळेने सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर साध्या कागदावर:

```
hiermit entschuldige ich das Fehlen meines Sohnes
Arnav Joshi (Klasse 3b) vom 12.11. bis 13.11.2025.
Er war krank.
```

वर नमस्काराची आणि खाली निरोपाची ओळ आधीसारखीच, शेवटी तारीख आणि पेनाने सही. पहिला आणि शेवटचा दिवस दोन्ही लिही. मधले शनिवार-रविवार मोजायची गरज नाही.

डॉक्टरचं सर्टिफिकेट, म्हणजे तिथलं आटेस्ट, दर वेळी लागत नाही. आपल्याकडे दोन दिवसांच्या सर्दीलाही दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची सवय, तिथे ती विनाकारण मागितलीस तर डॉक्टरच वैतागतात, आणि शाळेसाठीच्या चिठ्ठीचे पैसे विमा देत नाही, तुलाच मोजावे लागतात. नियम राज्याराज्यांत बदलतो. ड्युसेलडॉर्फ ज्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात आहे तिथे कायदा एवढंच म्हणतो की पालकांनी लगेच कळवावं, कारण लेखी द्यावं, आणि आजारपणाबद्दल शंका घ्यायला जागा असेल तर शाळा सर्टिफिकेट मागू शकते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या बाजूला, तीन शाळादिवसांपेक्षा जास्त गैरहजर असेल किंवा ऐन जाहीर चाचणीच्या दिवशी आजारी पडला तर मागू शकतात. स्टुटगार्टच्या बाजूला हीच मर्यादा दहा दिवसांची आहे. तुझी मैत्रीण म्युनिकहून काही सांगेल ते तिच्या राज्याचं असेल, तू तुझ्या शाळेला विचार.

एक कागद मात्र डॉक्टरकडून लागतो, आणि त्यात पुष्कळ जणी गोंधळतात. बाळ आजारी म्हणून तू किंवा जावईबापू कामावर गेला नाहीत, तर तुमच्या कंपनीला आणि विमा कंपनीला द्यायचा तो कागद. मूल बारा वर्षांखालचं आणि विमा सरकारी पद्धतीचा असेल तर आईबापांना प्रत्येकी दर मुलामागे रजेचे ठरावीक दिवस मिळतात, 2024 आणि 2025 साठी ते 15 होते. तो कागद शाळेच्या कामाचा नाही आणि शाळेची चिठ्ठी कंपनीच्या कामाची नाही. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव.

शाळेनंतर तुझा लेक तिथेच जेवून दुपारी थांबणार असेल तर दुपारच्या बाईंनाही वेगळं कळव. सकाळच्या बाईंना सांगितलं म्हणजे दुपारच्यांना कळेलच असं नाही, आणि जेवण वेळेत रद्द केलं नाही तर त्याचे पैसे लागू शकतात.

आता एका नाजूक मुद्द्यावर येते. या चिठ्ठीत खोटं लिहायचा मोह आपल्या लोकांना एकाच वेळी होतो: मुंबईच्या तिकिटाच्या वेळी. सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीचं तिकीट स्वस्त, म्हणून 'तो आजारी आहे' असं लिहायचं आणि विमान पकडायचं. 2018च्या मे महिन्यात पेंटेकॉस्टच्या सुट्टीआधी बव्हेरियात मेमिंगेन आणि न्यूरेंबर्गच्या विमानतळांवर पोलिसांनी शाळेच्या वयाची मुलं घेऊन निघालेल्या काही कुटुंबांना अडवून विचारलं होतं, आणि ती बातमी जर्मनीभर झाली. शाळेत जाणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे, आणि विनाकारण बुडवली तर आईबापांना दंड होतो. खरंच लवकर निघायचं असेल, घरी लग्न असेल किंवा आजोबा आजारी असतील, तर आजारपणाची चिठ्ठी नको. आधी अर्ज करून मुख्याध्यापकांची परवानगी माग. सुट्टीच्या अगदी आधी-नंतरच्या दिवसांसाठी ती क्वचितच मिळते, पण न मिळालेली परवानगी खोट्या तापापेक्षा बरी.

आणि खरा ताप आला तर? तेच माझ्या घरी झालं. 2025च्या उन्हाळ्यात लेक नातवाला घेऊन मुलुंडला आली होती. त्यांच्या राज्यात सुट्टी 26 ऑगस्टला संपत होती आणि शाळा बुधवारी 27 ऑगस्टला, नेमकी गणेश चतुर्थीला. बव्हेरियातल्या पोरांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी, त्यांचे गणपती निवांत होतात. आमच्या नातवाला मखरही बघायला मिळणार नव्हतं, परतीचं तिकीट रविवारी 24 तारखेचं होतं. गुरुवारी 21ला त्याला ताप भरला, डोळ्यांमागे दुखतंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, एनएस-वन पॉझिटिव्ह, डेंग्यू. आमचे डॉक्टर म्हणाले, ताप उतरतो तेच दिवस डेंग्यूत जपायचे, प्लेटलेट त्याच वेळी खाली जातात, अशा वेळी त्याला विमानात बसवू नका. तिकीट पुढच्या रविवारवर, 31 तारखेवर गेलं. शाळेचे बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस बुडणार होते.

आता तू बाईंच्या जागी बस. भारतातलं मूल, सुट्टीचा शेवटचा आठवडा, ऐन सणाचा दिवस, आणि 'आजारी आहे' असा निरोप. शंका घ्यायला याहून चांगली जागा नाही. म्हणून मी लेकीला सांगितलं, इथे 'आजारी' एवढं पुरणार नाही, इथे सगळं आपणहून आणि आधी सांग. रविवारीच तिने बाईंना आणि ऑफिसला ईमेल केली:

```
Arnav ist in Mumbai an Dengue-Fieber erkrankt und
darf laut Arzt zurzeit nicht fliegen. Er fehlt daher
vom 27.08. bis 29.08.2025. Rückflug: 31.08.2025.
Dengue wird nicht direkt von Mensch zu Mensch
übertragen. Das Attest liegt bei.
```

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम आहे. डेंग्यू डासामुळे होतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाला थेट लागत नाही, पण हे तिथल्या बाईंना ठाऊक असेलच असं नाही, आणि नाव ऐकून वर्गातल्या इतर आया हादरू शकतात. जोडलं काय, तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट, रक्ताचा रिपोर्ट आणि तिकीट बदलल्याची पावती. सर्टिफिकेट इंग्रजीत, दवाखान्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेलं. आपले डॉक्टर 'ॲडव्हाइज्ड रेस्ट' एवढंच खरडतात, ते पुरत नाही. ताप कधीपासून, निदान काय, आणि अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास नको, ही तीन वाक्यं त्यात हवीत. तिथेच उभी राहून लिहून घे, नंतर शिक्का शोधत फिरायला लागतं.

सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद, ईमेल कुणी वाचली का ठाऊक नाही. म्हणून 27 तारखेला लेकीने फोनही लावला. जर्मनीत सकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात आपले अकरा, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिथली घड्याळं मागे गेली की आपले दुपारचे बारा. आमच्या घरी गुरुजी प्राणप्रतिष्ठेला बसलेले, टाळ वाजतायत आणि ही बाल्कनीचं दार ओढून ऑफिसशी बोलतेय. शेजारच्या वहिनी म्हणाल्याच, 'आता राहिलाच आहे तर अनंत चतुर्दशी करूनच जाऊ दे.' म्हणजे 6 सप्टेंबर! डॉक्टर 30पर्यंत म्हणाले होते, 31ला विमान. त्यापुढचा एक दिवसही आजारपणात बसला नसता. आणि जरा बरं वाटल्यावर नातू मखरासमोर बसला, त्याचे फोटो लेकीने महिनाभर कुठे टाकले नाहीत. फोटो खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ कोण कसा लावील?

सोमवारी 1 सप्टेंबरला तो शाळेत गेला तेव्हा पोस्टमाप्पेत सही केलेली चिठ्ठी आणि मूळ सर्टिफिकेट होतं. बाईंनी ते पाहून झेरॉक्स ठेवली आणि मूळ कागद परत दिला. तो लेकीने जपून ठेवलाय, तूही ठेव, कारण अर्धवार्षिक पुस्तक येतं तेव्हा गैरहजेरीचा आकडा तपासायचा असतो. त्याच्या पुस्तकात तीन दिवस होते, विनाकारण शून्य. चुकून वेगळं आलं असतं तर दाखवायला कागद हाताशी होता.

तू जायच्या आधी आपल्या बोरिवलीच्या डॉक्टरांकडून लसींची यादी इंग्रजीत करून घे, गोवराच्या दोन्ही डोसांच्या तारखांसकट. 1 मार्च 2020पासून तिथे शाळेत गोवराच्या लशीचा पुरावा दाखवावा लागतो. आणि जातेसच आहेस तर त्यांना विचारून ठेव, गरज पडली तर सर्टिफिकेट ते स्वतः लिहितात की कंपाउंडरकडून.